एका पाटलाचे चार साहेब

आमच्या ऑफिसात एकाच मजल्यावर पाच पाटील आहेत. एक जावामध्ये, दोन टेस्टिंगमध्ये, एक एचआरमध्ये आणि एक नेटवर्कवाला. पाचांपैकी एकही 'पाटील' नाही! म्हणजे आडनाव आहे, पण पद नाही. उलट आज एखाद्या गावात जो पोलीस पाटील आहे त्याचं आडनाव जाधव, कांबळे, शेख, काहीही असू शकतं. आणि हे सगळ्यांना इतकं सवयीचं झालंय की त्यात काही विचित्र आहे असं कुणाला वाटतच नाही.

शहरात वाढलेल्या आपल्यासारख्यांना तलाठी, सरपंच, पोलीस पाटील, तहसीलदार, कलेक्टर ही सगळी नावं बातम्यांतून आणि जुन्या मराठी पिक्चरमधून माहीत असतात. (पिक्चरमधला पाटील तर फेटा, मिशा आणि वाडा एवढ्यावरच ओळखावा.) पण यातला नक्की कोण काय करतो, कोण कुणाच्या हाताखाली आहे, हे विचारलं तर दांडी गुल. आणि आजोबांच्या नावावरची जमीन वडिलांच्या नावावर करायची वेळ आली की मग धावपळ होते. माणूस आधी सरपंचाकडे जातो, कारण तो ओळखीचा असतो. आणि सरपंचाच्या हातात त्यातलं जवळजवळ काहीच नसतं!

हे असं का आहे, ते जरा इतिहासात मागे गेलं की छान उलगडतं. थोडक्यात सांगायचं तर पूर्वी गावात एकच माणूस जे करायचा, त्याचे दोनशे वर्षांत तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याला वेगळा साहेब मिळाला. तो एक माणूस म्हणजे पाटील.

'पाटील' हा शब्द जुन्या ताम्रपटांत येणाऱ्या 'पट्टकिल' या शब्दावरून आला असं मानतात. फारशी कागदपत्रांत त्यालाच मोकदम म्हटलेलं दिसतं. शिवकाळात आणि पेशवाईत गावचा पाटील एकाच वेळी बऱ्याच गोष्टी होता. गावाचा सारा गोळा करून सरकारात भरायचा तो त्याने. पडीक जमिनीवर नवी कुळं आणून वसवायची त्याने. गावात चोरी झाली तर चोराचा माग काढायची जबाबदारी त्याची. भांडण झालं तर पंच बोलावून निवाडा करवायचा त्यानेच. आणि दुष्काळ पडला की गावाच्या वतीने मामलेदारापुढे उभं राहून "यंदा सूट द्या" म्हणणारा पण तोच! म्हणजे सरकारचा गावातला माणूस आणि गावाचा सरकारातला माणूस, दोन्ही एकच.

त्याच्या जोडीला कुलकर्णी. हिशेब, कोणाच्या नावे किती जमीन, कोणाची किती बाकी, हे सगळं लिहिणं त्याच्याकडे. कागदावर कुलकर्ण्याचं अक्षर असायचं आणि पाटलाची सही म्हणून नांगराची निशाणी.

आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की पाटीलकी ही नोकरी नव्हती, ते वतन होतं. म्हणजे वारसाहक्काने चालणारी मिळकत. पदाबरोबर इनाम जमीन, गावाकडून मिळणारे हक्क आणि मानपान. होळीचा पहिला मान कोणाचा, पोळ्याला पुढचा बैल कोणाचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालायची. भावांत वाटणी झाली की पाटीलकीची पण वाटणी व्हायची. निम्मी पाटीलकी विकली, निम्मी ठेवली, असेही कागद सापडतात. घरावर किंवा शेतावर जसा हक्क, तसाच पदावर.

याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. शिवाजी महाराजांचं 1646 च्या जानेवारीतलं एक पत्र आहे, पुण्याजवळच्या रांझे गावाबद्दलचं. तिथल्या बाबाजी गुजर पाटलाने बदअमल केला, म्हणून महाराजांनी त्याचे हातपाय तोडायची शिक्षा केली. ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण त्या पत्राचा दुसरा अर्धा भाग फारसा कोणी सांगत नाही. पाटलाला शिक्षा झाली, पण रांझ्याची पाटीलकी गेली त्याच्याच गोतातल्या सोनजी गुजराकडे. इतक्या भयंकर गुन्ह्यानंतरसुद्धा 'पद' सरकारजमा करून भलत्याच कोणाला दिलं नाही, ते गोतातच राहिलं. माणसाला शिक्षा करता येत होती, वतनाला हात लावणं मात्र सोपं नव्हतं.

या व्यवस्थेचा फायदा उघड आहे. एकाच दारात सगळी कामं. तोटाही तितकाच उघड. पाटील चांगला असेल तर ठीक, नाहीतर सारा वसूल करणारा, चोर पकडणारा आणि निवाडा करवणारा हाच. मग त्याच्याविरुद्ध दाद मागायची कुठे? आमच्या भाषेत याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात.

1818 ला पेशवाई गेली आणि एलफिन्स्टनने नव्या मुलखात कलेक्टर नेमले. पुण्याला रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज. कलेक्टर हे पद कंपनीने बंगालमध्ये 1772 साली वॉरन हेस्टिंग्जच्या काळात सुरू केलं होतं, ते आता इकडे आलं. गंमत बघा, 'कलेक्ट' म्हणजे गोळा करणे. आणि 'तहसील' या अरबी शब्दाचा अर्थही तोच, वसुली! तहसीलदार म्हणजे वसुली करणारा आणि कलेक्टर म्हणजे पण वसुली करणारा, एक तालुक्याचा आणि एक जिल्ह्याचा. मुंबई इलाख्यात तालुक्याच्या या अधिकाऱ्याला पेशवाईतलंच नाव राहिलं, मामलेदार. विदर्भात तहसीलदार म्हणत. पुढे महाराष्ट्रभर तहसीलदार रूढ झालं, पण गोव्यात आणि गुजरातेत आजही पाटी 'मामलतदार' अशीच दिसते. पद तेच.

इंग्रजांनी लगेच पाटीलकी मोडली नाही. पण त्यांनी रयतवारी आणली, म्हणजे सरकारने साऱ्याचा हिशेब गावाशी न करता थेट प्रत्येक शेतकऱ्याशी करायचा. 1830 च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी जमिनीची मोजणी करून प्रत्येक शेताला नंबर दिला आणि त्या नंबरावर आकार बसवला. (आपण आजही 'सर्व्हे नंबर' म्हणतो तो हा.) हे दिसायला तांत्रिक काम, पण पाटलाच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा होता. पूर्वी गावावर एकूण रक्कम ठरायची आणि ती कोणावर किती बसवायची हे गावात, म्हणजे पाटलाच्या ओट्यावर ठरायचं. आता ते सरकारी वहीत ठरलेलं. पाटील उरला फक्त ती रक्कम गोळा करून नेऊन भरणारा.

दुसरा तुकडा पडला पोलिसी कामाचा. 1867 साली मुंबई इलाख्यात गावपोलिसांचा कायदा झाला आणि कागदोपत्री दोन पाटील झाले, मुलकी पाटील आणि पोलीस पाटील. पुष्कळ गावांत माणूस एकच असायचा पण टोप्या दोन. काही गावांत दोन भाऊबंद दोन टोप्या घालून एकमेकांकडे पाठ करून बसायचे.

स्वातंत्र्यानंतर मात्र घाव मुळावरच बसला. वारसाहक्काने सरकारी पद हीच कल्पना लोकशाहीत बसत नव्हती. आधी परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली, 1951 च्या मे महिन्यापासून. कुलकर्ण्याच्या वह्या पगारी तलाठ्याकडे आल्या. मग 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचं पद रद्द झालं, ते 1 जानेवारी 1963 पासून. राहिला पोलीस पाटील. त्याचं वंशपरंपरेचं अंग काढून टाकून 1967 च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने ते नेमणुकीचं पद केलं. त्याच काळात दुसऱ्या बाजूने निवडून येणारी माणसं आली. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याखालचा सरपंच आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा.

म्हणजे हिशेब असा झाला. पाटलाची वसुली आणि कुलकर्ण्याच्या वह्या गेल्या तलाठ्याकडे आणि त्याच्या वर तहसीलदाराकडे. चोर, भांडण, बेवारस मृतदेह याची खबर देणं राहिलं पोलीस पाटलाकडे. गावाच्या वतीने बोलणं, पाणी, दिवे, गटारं, गावातले रस्ते हे गेलं सरपंचाकडे. निवाडा गेला कोर्टात आणि काही बाबतीत महसुली अधिकाऱ्यांकडे. आणि 'पाटील' हे नाव राहिलं आडनावात!

इथपर्यंत इतिहास झाला. आता हे तुकडे आज कसे चालतात ते एका उदाहरणावरून बघू. समजा, गावातले एक आजोबा वारले. नावावर 2 हेक्टर 40 आर शेती, म्हणजे साधारण सहा एकर, स्वतःच्या कमाईतून घेतलेली. शिवाय गावठाणात एक घर. मृत्युपत्र केलेलं नाही. मागे आजी, दोन मुलगे आणि एक लग्न झालेली मुलगी. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांचा वाटा सारखा, प्रत्येकी 60 आर.

पहिलं काम मृत्यूची नोंद. ही ग्रामपंचायतीत, 21 दिवसांच्या आत. ती नोंदवही सांभाळतो ग्रामसेवक, सरपंच नव्हे. (2024 मध्ये सरकारने ग्रामसेवकाचं पदनाम ग्रामपंचायत अधिकारी केलं आणि तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी. लोक अर्थातच अजून तलाठीच म्हणतात, म्हणून मी पण तेच म्हणतो.) नोंद करायची राहिली आणि वर्ष उलटलं तर मग ग्रामपंचायतीच्या हातात राहत नाही, दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो.

दुसरं काम वारस नोंद. हे तलाठ्याकडे. जमीन महसूल संहितेप्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. मृत्यूचा दाखला, वारसांची यादी आणि तीच यादी खरी असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं. आता हा अर्ज ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. तलाठी वारसांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना 6-क मध्ये नावं घेतो आणि मग गाव नमुना सहामध्ये फेरफार लिहितो. मात्र तलाठ्याने लिहिलं म्हणजे झालं असं नाही. संबंधित सगळ्यांना नोटीस जाते, एक नोटीस चावडीवर लागते आणि हरकतीसाठी 15 दिवस थांबतात. त्यानंतर तलाठ्याच्या वरचा मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो. मग सातबारा बदलतो.

लिहिणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा. आम्ही कोड लिहिणारा आणि रिव्ह्यू करणारा वेगळा ठेवतो ना, तसंच. एकेकाळी कुलकर्णी आणि पाटील मिळून जे करायचे, ते इथे दोन पगारी अधिकाऱ्यांत वाटलंय, आणि दोघेही गावच्या कुठल्या घराण्याचे नाहीत हे महत्त्वाचं.

घोळ होतो तो याच 15 दिवसांत. दोन्ही भावांनी दिलेल्या यादीत बहिणीचं नावच नसतं. "तिचं लग्न झालंय, तिला दिलंय की आपण" हे कारण. सरपंचाचं पत्र जोडतात, 'यांना एवढेच वारस आहेत' असं. पोलीस पाटलाची पण सही घेतात. तलाठी गावात नवीन असेल, त्याला कोणाच्या घरी किती लेकी ते कुठून माहीत असणार? पण त्या पत्राने वारस ठरत नाहीत. सरपंच किंवा पोलीस पाटील फार तर माहिती देऊ शकतात. वारस कोण हा वाद निघालाच तर ठरवणारं दिवाणी न्यायालय असतं. तिथून मिळणारा वारस दाखला आजही 1827 च्या मुंबई रेग्युलेशन आठखाली मिळतो, म्हणजे एलफिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर होता त्या काळातला कायदा!

बहिणीने काय करायचं? फेरफार प्रमाणित व्हायच्या आत तलाठ्याकडे लेखी हरकत द्यायची आणि पोच घ्यायची. हरकत आली की तलाठ्याला ती नोंद तशीच पुढे रेटता येत नाही. ती तक्रारीच्या नोंदवहीत जाते आणि मंडळ अधिकारी किंवा वरचा महसूल अधिकारी दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो. नोटीस मिळालीच नाही आणि नोंद होऊन गेली, तर प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील. मुदत 60 दिवस. उशीर झाला तर उशिराचं कारण देऊन माफी मागावी लागते. ही नोंद झाली की नाही हे कळायला पुण्यामुंबईत बसलेल्या बहिणीला गावी जायची गरज नाही. सातबारा ऑनलाइन दिसतो, आणि त्यावर नावांशेजारी फेरफाराचा नंबर असतो. तो नंबर बदलला की समजायचं, काहीतरी झालंय.

आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. फेरफार झाला म्हणून मालकी मिळत नाही आणि नाव राहिलं म्हणून मालकी जात नाही. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात, एवढंच. शेवटी हा वसुलीचा कागद आहे, सारा कोणाकडून घ्यायचा ते लिहिलेला. तहसीलदार म्हणजे वसुली करणारा, हे नावातच होतं की! पण व्यवहारात त्याच कागदावर कर्ज मिळतं आणि त्याच कागदावर जमीन विकली जाते, म्हणून नाव गळलेल्या बहिणीचं नुकसान खरंखुरं असतं. कोर्टात पुढे ती जिंकेलही, पण मधल्या काळात जमीन तिसऱ्याच्या नावावर गेलेली असते.

चौघांची नावं लागली तरी ती सामाईक असतात. कोणाचे 60 आर बांधाच्या कुठल्या बाजूला, हे त्याने ठरत नाही. सगळे राजी असतील तर संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदार वाटप करून देऊ शकतो. राजी नसतील तर पुन्हा दिवाणी न्यायालय.

आता गावठाणातलं घर. हे मात्र ग्रामपंचायतीकडे! ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठमध्ये घराची आकारणी असते, घरपट्टीसाठी. तिथे नाव बदलायला अर्ज ग्रामपंचायतीकडे द्यायचा. इथे सरपंचाचा संबंध येतो, पण तोही एकट्याचा नाही. ठराव मासिक सभेत होतो आणि दप्तर ग्रामसेवकाकडे. म्हणजे एकाच आजोबांचं शेत एका साहेबाकडे आणि घर दुसऱ्याकडे. तलाठी सरपंचाच्या हाताखाली नाही, सरपंच तलाठ्याच्या हाताखाली नाही. दोघांचे वरिष्ठही वेगळे. तलाठ्याची साखळी मंडळ अधिकारी, तहसीलदार, प्रांत, कलेक्टर अशी जाते. ग्रामसेवकाची पंचायत समितीचा गटविकास अधिकारी आणि जिल्हा परिषदेचा सीईओ अशी. सरपंच मात्र मतदारांनी निवडलेला, तो कुणाचा नोकर नाही. म्हणून तलाठ्याची तक्रार सरपंचाकडे करून उपयोग नाही, आणि गटाराची तक्रार तहसीलदाराकडे करून पण नाही.

पुढे शेताकडे जायची वाट भावानेच अडवली तर? हा रस्ता ग्रामपंचायतीच्या मालकीचा नसेल तर सरपंच तो मोकळा करू शकत नाही. पोलीस पाटील मारामारीची खबर देऊ शकतो, वाट देऊ शकत नाही. ते काम तहसीलदाराचं, आणि कायद्याचं नाव ऐका, मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करायचा. तहसीलदार इथे चक्क छोटा न्यायाधीश असतो. जुन्या मामलेदाराच्या कामाचा एक तुकडा त्याच्या जुन्या नावासकट कायद्यात शिल्लक राहिलाय.

या सगळ्यात कलेक्टर कुठे आला? नेहमीच्या कामात तो येतच नाही, आणि येऊ नये. लोक 'कलेक्टरला निवेदन' देतात तेव्हा ते बहुतेक वेळा खाली तहसीलदाराकडेच परत येतं. कलेक्टरच्या आजही दोन टोप्या आहेत, मुलकी पाटील आणि पोलीस पाटलासारख्याच. महसुलात तो जिल्हाधिकारी, आणि कायदा-सुव्यवस्थेत जिल्हा दंडाधिकारी. जमावबंदीचा आदेश निघतो तो दुसऱ्या टोपीतून. पोलीस पाटलावर नियंत्रण असतं तेही दुसऱ्याच टोपीतून. त्याच्याकडून पण तुकडे काढले गेलेच. विकासाचा मोठा भाग 1962 मध्ये जिल्हा परिषदेकडे गेला, आणि 1974 पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेने खटले चालवणारे न्यायदंडाधिकारी महसूल खात्यापासून पूर्ण वेगळे केले.

तेव्हा पुढच्या वेळी गावाकडचं काम निघालं की ओळखीचा कोण आहे हे आधी शोधू नका. ते काम जुन्या पाटलाच्या कुठल्या तुकड्यातलं आहे ते आधी बघा. शेताचा कागद असेल तर तलाठी आणि त्याची साखळी, अडवलेली वाट असेल तर तहसीलदार, घर, पाणी, जन्ममृत्यू असेल तर ग्रामपंचायत, आणि मालकीचाच वाद असेल तर कोर्ट. आणि घरात कुणी गेलं असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच ती वारसांची यादी स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. आत्याचं नाव आहे ना, एवढं बघा.